भिंत चार मीटरवर संपते तेव्हा: साध्या आधाराच्या बीमचे एसएफडी आणि बीएमडी हाताने काढताना

नागपूरच्या महाल भागातल्या एका जुन्या घराचं वरच्या मजल्याचं काम होतं. खालच्या हॉलवर एक बीम टाकायचा होता, दोन्ही बाजूंना नऊ इंची विटांच्या भिंतींवर टेकणारा. डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षाला असलेला माझा भाचा त्या दिवशी सोबत होता. त्याने घरी येऊन वहीत शिअर फोर्सची आणि बेंडिंग मोमेंटची आकृती, म्हणजे एसएफडी आणि बीएमडी, काढली आणि मला दाखवली. सगळ्यात मोठा बेंडिंग मोमेंट त्याला मिळाला होता १३० किलोन्यूटन-मीटर. खरा आकडा १०५ च्या थोडा वर. बाकी वही सुंदर होती, शिसपेन्सिल, रंग, सगळं. चूक एका ओळीत होती आणि ती चूक मी दरवर्षी कुणाच्या ना कुणाच्या वहीत पाहतो. म्हणून तोच बीम इथे पहिल्यापासून सोडवतो.

बीम आणि त्यावरचा भार

दोन्ही भिंतींच्या मध्यापासून मध्यापर्यंत अंतर ६ मीटर. बीम २३० मिमी रुंद, ६०० मिमी खोल. काँक्रीटच्या भारतीय मानकाप्रमाणे, म्हणजे आयएस ४५६ प्रमाणे, प्रभावी स्पॅन म्हणजे आधारांच्या मध्यांतलं अंतर किंवा मोकळा स्पॅन अधिक प्रभावी खोली, यातलं जे कमी ते. इथे मोकळा स्पॅन ५.७७ मीटर आणि प्रभावी खोली, म्हणजे वरच्या कडेपासून खालच्या सळ्यांपर्यंतची, साधारण ०.५५ मीटर, बेरीज ६.३२. म्हणून ६ मीटरच घ्यायचा.

भार तीन प्रकारचे. बीमचं स्वतःचं वजन आणि त्याला लागून असलेली स्लॅबची अरुंद पट्टी मिळून पूर्ण लांबीवर मीटरला ५ किलोन्यूटन. डाव्या टोकापासून ४ मीटरपर्यंत वर नऊ इंची भिंत आहे, ३ मीटर उंच. विटांच्या बांधकामाचं वजन घनमीटरला सुमारे २० किलोन्यूटन धरलं तर ०.२३ × ३ × २० म्हणजे १३.८, आणि दोन्ही बाजूंचं प्लास्टर धरून मीटरला १५. भिंत जिथे संपते, बरोबर तिथे, म्हणजे ४ मीटरवर, आडवा दुय्यम बीम येऊन टेकतो आणि ३० किलोन्यूटन टाकतो. उरलेले २ मीटर वर काहीच नाही, तिथे रुंद दार आहे.

ज्यांना किलोन्यूटन डोळ्यासमोर येत नाही त्यांनी १० किलोन्यूटन म्हणजे साधारण एक टन धरावं. या बीमवर एकूण १२ टन बसले आहेत.

आकृती काढताना आधी भाराचं चित्र काढा, त्याच्या खाली त्याच मापाने एसएफडीची आडवी रेघ, त्याच्याही खाली बीएमडीची. भार जिथे सुरू होतो, संपतो किंवा बदलतो तिथून खालपर्यंत तुटक उभ्या रेघा सोडा. आपल्याकडे अशा रेघा तीनच आहेत: ०, ४ आणि ६ मीटरवर. आणखी एक चौथी रेघ नंतर सापडेल. या रेघांच्या मधल्या भागात भार बदलत नाही, म्हणून तिथे आकृतीचा आकारही एकच राहतो.

डावे ४ मीटर: मीटरला २० (५ आणि १५). उजवे २ मीटर: मीटरला ५. ४ मीटरवर ३०.

रिअ‍ॅक्शन

भिंती बीमला खालून वर उचलून धरतात ते बल म्हणजे रिअ‍ॅक्शन. ती काढायला डाव्या टोकाभोवती मोमेंट, म्हणजे भार गुणिले अंतर, घ्यायचा. इथे वितरित भाराच्या जागी त्याचा एकूण भार मध्यावर ठेवला तर चालतं, कारण आपण पूर्ण बीमचा समतोल पाहतो आहोत. हे वाक्य लक्षात ठेवा, पुढे याच वाक्याचा गैरवापर होणार आहे.

डाव्या भागाचा एकूण भार ८०, त्याचा मध्य २ मीटरवर, मोमेंट १६०. दुय्यम बीमचे ३०, अंतर ४, मोमेंट १२०. उजव्या भागाचा भार ५ × २ म्हणजे १०, त्याचा मध्य डाव्या टोकापासून ५ मीटरवर, मोमेंट ५०.

```
उजवी रिअ‍ॅक्शन × ६ = १६० + १२० + ५० = ३३०
उजवी रिअ‍ॅक्शन = ५५
डावी रिअ‍ॅक्शन = १२० − ५५ = ६५
```

डावी रिअ‍ॅक्शन वजाबाकीने काढली की वेळ वाचतो, पण पडताळा उरत नाही. त्याबद्दल पुढे सांगतो.

एसएफडी: डावीकडून चालत जा

मी मुलांना सूत्र लिहायला लावत नाही. डाव्या टोकापासून चालत जा, वर जाणारं बल भेटलं की आकडा वाढवा, खाली जाणारं भेटलं की कमी करा, एवढंच सांगतो. डावीकडच्या भागावर वर जाणारं ते धन, ही आपल्या पुस्तकांतली नेहमीची खूण.

डाव्या टोकाला पाय ठेवला की रेघ एकदम ६५ वर उडते. मग दर मीटरला २० या उताराने खाली येते. ४ मीटरवर पोचताना ६५ − ८० म्हणजे −१५. तिथे दुय्यम बीम आहे, म्हणून रेघ सरळ उभी ३० ने कोसळते आणि −४५ वर येते. त्यानंतर उतार अगदी सौम्य, मीटरला ५. ६ मीटरवर −५५. आणि उजवी रिअ‍ॅक्शन ५५ वर उचलते, रेघ शून्यावर परत.

आकृतीत डावीकडे तीव्र तिरकी रेघ, मध्ये सरळ उभी रेघ, उजवीकडे जवळजवळ आडवी रेघ दिसायला हवी. दोन्ही तिरक्या रेघा सारख्याच तिरक्या आल्या असतील तर भिंतीचा भार तुम्ही पूर्ण लांबीवर पसरवला आहे.

चौथी तुटक रेघ इथे सापडते. ६५ वरून मीटरला २० ने उतरताना रेघ शून्याला कुठे छेदते? ६५ भागिले २०, म्हणजे ३.२५ मीटर. इथून खालपर्यंत उभी रेघ सोडा. शिअर म्हणजे मोमेंटच्या आलेखाचा उतार. उतार धन असेपर्यंत मोमेंट चढतो, ऋण झाला की उतरतो, म्हणून शून्याच्या जागी शिखर.

बीएमडी आणि ती चूक

मोमेंट काढायचा तर बीम त्या जागी कापायचा आणि कापाच्या डावीकडे जे काही आहे त्याचाच मोमेंट घ्यायचा. १ मीटरवर कापलं तर डावीकडे रिअ‍ॅक्शन ६५ आणि फक्त १ मीटर लांबीचा भार, म्हणजे २०, तोही कापापासून अर्ध्या मीटरवर. मोमेंट ६५ − १० = ५५. २ मीटरवर रिअ‍ॅक्शनचे १३०, वजा भार ४० गुणिले अंतर १, उरले ९०. ३ मीटरवर १९५ वजा ९०, म्हणजे १०५. ३.२५ वर:

```
६५ × ३.२५ − २० × ३.२५ × ३.२५ ÷ २ = २११.२५ − १०५.६२५ = १०५.६२५
```

४ मीटरवर २६० − १६० = १००. उजव्या भागात उजवीकडून गेलेलं सोपं पडतं. ५ मीटरच्या जागी उजवीकडे १ मीटर उरतो: ५५ वजा २.५ = ५२.५. आणि ४ मीटरवर उजवीकडूनही ११० − १० = १००. दोन्ही बाजूंनी तोच आकडा आला, म्हणजे कापाच्या दोन्ही कडांचं जमलं.

आता भाच्याची ओळ. त्याने रिअ‍ॅक्शन काढताना भिंतीचे ८० किलोन्यूटन २ मीटरवर ठेवले होते. ते बरोबरच होतं. पण चित्रातही तो ८० चा बाण तसाच राहिला आणि पुढे तो बाण हाच भार समजून त्याने २ मीटरवर मोमेंट काढला: ६५ × २ = १३०. बाण बरोबर त्याच जागी, म्हणून त्याचं अंतर शून्य, वजाबाकीला काही उरलंच नाही.

मी म्हटलं, इथे ९० यायला पाहिजे.

"काऊन पण मामा? भार तं तेवढाच आहे नं?"

भार तेवढाच आहे. पण २ मीटरवर कापल्यावर भिंत अर्धीच डावीकडे येते. कापाच्या डावीकडे ४० आहेत, आणि ते कापापासून १ मीटर मागे आहेत, कापाच्या उजवीकडे राहिलेल्या अर्ध्या भिंतीचा इथल्या मोमेंटशी संबंध नाही. एकत्रित भाराची सोय पूर्ण बीमसाठी होती. कापलेल्या तुकड्यासाठी तुकड्यावरचाच भार नव्याने गोळा करायचा. त्याला हे पटलं ते एसएफडी पाहून. बाण ठेवला तर २ मीटरवर रेघ ८० ने सरळ कोसळते. खऱ्या बीमवर तिथे कोसळण्यासारखं काहीच नाही, भिंत दोन्हीकडे सारखीच चालू आहे.

गंमत अशी की त्याच्या चुकीच्या पद्धतीनेही ४ मीटरवर १०० च येतात. भार संपल्याच्या पलीकडे एकत्रित भार आणि खरा भार यांत फरक राहत नाही. म्हणून नेमक्या त्याच बिंदूवर पडताळा घेतला तर चूक लपते.

उलट बाजूची चूकही सांगतो. साइटवर कुणीतरी म्हणतो, एकूण १२० आहे, ६ मीटरवर पसरला, सरासरी २०, मग २० × ३६ भागिले ८ = ९०. हे खऱ्यापेक्षा सुमारे १५ टक्क्यांनी कमी आहे, आणि कमी असणं जास्त वाईट. मधल्या भागाजवळ ३० चा एकटा भार आहे आणि उजव्या टोकाकडे जवळजवळ काही नाही, हे सरासरीत विरून जातं. पाठ केलेलं एक सूत्र सगळ्या लांबीवर सारख्या भारासाठी आहे, इतकंच.

शिखराच्या जागेबद्दल एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. मध्यावर, म्हणजे ३ मीटरवर, मोमेंट १०५ आहे आणि शिखर १०५.६. सळ्यांच्या हिशेबात या फरकाला काही किंमत नाही. घुमटाचा माथा सपाट असतो, थोडं इकडे तिकडे चालतं. परीक्षेत ३.२५ हा आकडा मागतात, साइटवर नाही. पण ३.२५ काढण्याची सवय ठेवा, कारण वेगळ्या भाराच्या बीमवर शिखर मध्यापासून बरंच सरकतं आणि मध्यावरचा आकडा बघून थांबलात तर ते कळणारही नाही.

आकार काढताना

ठिपके मांडले की जोडायचे कसे हा प्रश्न उरतो. ० ते ४ मीटरमध्ये वितरित भार आहे, म्हणून वक्र, आणि तो वर फुगलेला. सुरुवातीला चढ सगळ्यात तीव्र, कारण तिथे शिअर ६५ आहे. ३.२५ वर आडवा. नंतर ४ पर्यंत अगदी हळू उतरतो. ४ मीटरवर कोपरा. शिअर तिथे −१५ वरून एकदम −४५ होतो, म्हणजे उतार अचानक तिप्पट, म्हणून बीएमडीला धारदार मोड हवा. तिथे गुळगुळीत वळण काढलं तर दुय्यम बीम पुसल्यासारखं होतं. ४ ते ६ मध्ये वक्रच आहे, पण भार मीटरला फक्त ५ असल्याने सरळ रेघेसारखाच दिसतो. सरळ रेघ असती तर ५ मीटरवर ५० आले असते, आपल्याला ५२.५ मिळाले. एवढासाच फुगवटा.

ही आकृती मी बीमच्या वर काढली, सॅगिंग, म्हणजे बीम मध्ये खाली झुकणं, धन धरून. काही लोक ताण असलेल्या बाजूला, म्हणजे खाली काढतात. दोन्ही चालतं, फक्त एकाच वहीत दोन्ही करू नका. खाली येणाऱ्या भाराखाली, बाहेर न लोंबणाऱ्या साध्या बीममध्ये रेघ एकदा वर गेल्यावर शून्याच्या पलीकडे उतरत नाही. कुठेही खाली गेली तर थांबा, हॉगिंग, म्हणजे बीम वर फुगणं, इथे असूच शकत नाही.

बंद झालं म्हणजे बरोबर आहे का

एसएफडी शेवटी शून्यावर आली की मुलं निर्धास्त होतात. तिथेच फसतात. समजा उजव्या २ मीटरचा भार १० आहे आणि त्याचं अंतर घाईत ५ ऐवजी १ मीटर घेतलं. त्या तुकड्याचा मध्य त्याच्या सुरुवातीपासून १ मीटरवरच असतो, म्हणून ही चूक फार सहज होते. मोमेंटची बेरीज २९०, उजवी रिअ‍ॅक्शन ४८.३३, डावी वजाबाकीने ७१.६७.

एसएफडी काढा. ७१.६७ पासून सुरू, शेवटी −४८.३३, आणि रिअ‍ॅक्शन ४८.३३ ने शून्य. देखणी बंद झाली. व्हायचीच, कारण डावी रिअ‍ॅक्शन आपण बेरीज जुळावी म्हणूनच काढली. ही आकृती फक्त एवढंच सांगते की उभ्या बलांची बेरीज जमली.

चूक पकडतं ते बीएमडी. शिअरच्या आलेखाखालचं क्षेत्रफळ म्हणजे मोमेंटमधला बदल. दोन्ही टोकांना मोमेंट शून्य, म्हणून रेघेच्या वरचं क्षेत्रफळ आणि खालचं क्षेत्रफळ सारखंच असायला हवं. चुकीच्या हिशेबात वर १२८.४ येतं आणि खाली ८८.४. उजव्या टोकाला ४० किलोन्यूटन-मीटर शिल्लक राहतात. आणि ही शिल्लक बघा: १० चा भार, ४ मीटरने चुकलेलं अंतर, म्हणजे नेमके ४०. पडताळा चूक आहे एवढंच सांगत नाही, किती मोमेंट राहून गेला तेही सांगतो. अशी शिल्लक आली की भार आणि अंतरांच्या यादीत ४० ची जोडी शोधायला लागायचं.

आपल्या खऱ्या आकृतीवर हे करून पाहू. वरचा त्रिकोण, पाया ३.२५, उंची ६५:

```
½ × ३.२५ × ६५ = १०५.६२५
```

खाली आधी लहान त्रिकोण, पाया ०.७५, उंची १५, क्षेत्रफळ ५.६२५. मग ४५ आणि ५५ यांच्यामधला समलंब, सरासरी ५० गुणिले २ म्हणजे १००. बेरीज १०५.६२५. जुळलं. आणि यातच शिखराचा मोमेंट, ४ मीटरवरचा १००, सगळं परत मिळालं, वेगळं समीकरण न लिहिता. वेळ कमी असेल तेव्हा मी बीएमडी असाच क्षेत्रफळांवरून काढतो आणि एक-दोन ठिकाणी कापून तपासतो.

आकृती साइटवर काय सांगते

सुरक्षिततेसाठी मोमेंट दीडपट करून १५८.४ धरला आणि ६०० खोलीच्या बीमला खालच्या सळ्या बसवल्या. ४५० खोलीवर एम-२० काँक्रीटमध्ये हे फक्त खालच्या सळ्यांवर बसत नव्हतं, म्हणून ६०० घेतली. एवढा भाग सगळेच नीट करतात. स्टिरपच्या, म्हणजे सळ्यांभोवतीच्या रिंगांच्या, वेळी मात्र लोक एसएफडी बाजूला ठेवतात आणि सवयीने दोन्ही टोकांना स्पॅनचा चौथा हिस्सा, म्हणजे दीड मीटर जवळ-जवळ रिंगा बांधतात, मध्ये विरळ.

डाव्या टोकाला ६५ आणि उजव्या टोकाला ५५, म्हणून डावी बाजू वाईट असं वाटतं. पण शिअरसाठी निर्णायक काप आधाराच्या कडेपासून प्रभावी खोलीएवढ्या अंतरावर घेता येतो. आयएस ४५६ ही मुभा देतं, जेव्हा आधार खालून दाबतो आणि तेवढ्या भागात मोठा एकटा भार नसतो. आपल्याकडे भिंतीच्या मध्यापासून ते अंतर ०.११५ अधिक ०.५५, म्हणजे ०.६६५ मीटर.

```
डावीकडे: ६५ − २० × ०.६६५ = ५१.७
उजवीकडे: ५५ − ५ × ०.६६५ = ५१.७
```

दोन्ही बाजू सारख्याच निघाल्या. पण तिथून पुढे वाटा वेगळ्या होतात. डावीकडे भिंतीचा भार शिअर झपाट्याने खातो, १ मीटरवर ४५, दीड मीटरवर ३५, दोन मीटरवर २५. उजवीकडे वर काहीच नसल्याने शिअर उतरतच नाही. टोकापासून दीड मीटर आत आलो तरी ४७.५, आणि दुय्यम बीमच्या कडेपर्यंत ४५ कायम. दार असलेली, मोकळी दिसणारी ती बाजूच रिंगांच्या दृष्टीने जास्त भुकेली आहे.

म्हणून त्या बीममध्ये उजव्या टोकाच्या जवळच्या रिंगा दीड मीटरवर न थांबवता पूर्ण २ मीटर, दुय्यम बीम ओलांडून थोड्या पुढेपर्यंत नेल्या. डावीकडे दीड मीटर पुरेसे झाले. बारबेंडरने विचारलं, साहेब, दोन्हीकडे वेगळं का? भाच्याने एसएफडीचा कागद त्याच्यासमोर उलगडला आणि उजवीकडची ती जवळजवळ आडवी रेघ बोटाने दाखवली.